तिरोड्याचा शेअर त्या सोमवारी पडला की वाढला?

गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याच्या वीज प्रकल्पाची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॉट. प्रकल्प अदानी पॉवरचा, आणि या कंपनीचा शेअर शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ रोजी ७०९ रुपयांच्या आसपास बंद झाला. सोमवारी, २२ सप्टेंबरला त्याचा बंद भाव होता सुमारे १७० रुपये. हे दोनच आकडे कॉम्प्युटरला दिले तर तो सांगेल की शेअर एका दिवसात ७६ टक्के कोसळला. प्रत्यक्षात त्या दिवशी शेअरला २० टक्क्यांचं वरचं सर्किट लागलं होतं.

मधल्या शनिवार-रविवारी कारखान्यात किंवा ताळेबंदात काहीच बदललं नव्हतं. कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर केले होते आणि २२ सप्टेंबरपासून बाजारात व्यवहार या नव्या शेअरचे सुरू झाले. ७०९ भागिले पाच म्हणजे साधारण १४२. तिथून भाव १७० वर गेला. ज्याच्या डीमॅटमध्ये शंभर शेअर होते त्याचे पाचशे झाले आणि त्यांची एकूण किंमत एका दिवसात पाचव्या हिश्शाने वाढली.

त्या दिवशी बाजारात बसलेल्यांना याचा त्रास फारसा नव्हता, कारण एक्स्चेंज स्वतःच आदल्या दिवसाचा भाव पाचाने भागून त्या दिवसाच्या सर्किटची मोजणी करतं. अडचण होते ती पुढे, जेव्हा कोणी जुने भाव गोळा करून त्यावर एखादी पद्धत तपासायला बसतो. एक्स्चेंजच्या रोजच्या भावपत्रकात, म्हणजे भावकॉपीत, १९ तारखेच्या पानावर ७०९ आहेत आणि ते तसेच राहणार. त्या दिवसाची नोंद म्हणून ते बरोबरच आहे. पण पाच वर्षांच्या भावकॉप्या एकाखाली एक जोडल्या की ७०९ नंतर १७० येतात आणि मालिका तुटते.

ही तूट किती काळ छळते हे एका साध्या पद्धतीवर पाहू. पद्धत अशी: बंद भाव मागच्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर शेअर ठेवायचा, खाली गेला की विकायचा. त्या सप्टेंबरात अदानी पॉवरची २०० दिवसांची सरासरी साडेपाचशेच्या आसपास होती. दुरुस्त न केलेल्या मालिकेत १७० चा भाव साडेपाचशेच्या पार खाली आहे, म्हणून पद्धत त्याच दिवशी विक्री दाखवते आणि खात्यावर तीन चतुर्थांश भांडवल बुडाल्याची नोंद करते. इथेच ते थांबत नाही. शंभर दिवसांनी सरासरीत निम्मे दिवस जुने आणि निम्मे नवे असतात. नवा भाव दीडशेच्या आसपास धरला तरी सरासरी साडेतीनशे येते, म्हणजे शेअर अजून ‘खाली’च. जुन्या भावाचा शेवटचा दिवस सरासरीतून बाहेर पडेपर्यंत, जवळपास दहा महिने, पद्धत हा शेअर घ्यायला नकार देत राहते. दुरुस्त मालिकेत मात्र सरासरी ११० येते, १७० तिच्या खूप वर आहे, आणि विकण्याचं कारणच उरत नाही.

दुरुस्तीचं गणित सोपं आहे. स्प्लिटच्या आधीचा प्रत्येक भाव (सुरुवातीचा, वरचा, खालचा आणि बंद) पाचाने भागायचा आणि त्या दिवसांत विकले गेलेले शेअर पाचाने गुणायचे. हा दुसरा भाग लोक विसरतात. मग स्प्लिटनंतर उलाढाल अचानक पाचपट झाल्यासारखी दिसते आणि ‘मोठ्या उलाढालीसह भाववाढ’ शोधणारी पद्धत भलत्याच दिवशी खरेदी सांगते.

बोनसमध्ये घोटाळा होतो तो प्रमाण वाचताना. यासाठी पुण्याच्या बजाज फायनान्सचं उदाहरण घेण्यासारखं आहे. १६ जून २०२५ ला या कंपनीच्या एका शेअरचे आधी दोन झाले आणि मग प्रत्येकावर ४:१ बोनस मिळाला. ४:१ बोनस म्हणजे एका शेअरवर चार नवे, हातात एकूण पाच. म्हणून भागायचं पाचाने, चाराने नाही. दोन गुणिले पाच, म्हणजे एकाचे दहा, आणि नऊ हजारांच्या वरचा भाव नऊशेच्या घरात आला. ‘१:५ स्प्लिट’ आणि ‘१:५ बोनस’ ही जोडी तर हमखास चुकवते. पहिल्यात एकाचे पाच होतात, दुसऱ्यात पाचाचे सहा. भावातली घट पहिल्यात ८० टक्के असते आणि दुसऱ्यात १७ टक्क्यांच्याही आत.

याच कंपनीने ८ सप्टेंबर २०१६ लाही असंच केलं होतं: १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच, वर १:१ बोनस. तेव्हाही एकाचे दहा झाले. दोन्ही वेळा मिळून ऑगस्ट २०१६ मधल्या एका शेअरचे आज शंभर आहेत. तेव्हा बाजारात अकरा हजारांच्या आसपास चाललेला भाव आजच्या दुरुस्त तक्त्यात एकशे दहाच्या आसपास दिसतो.

आणि इथे दुरुस्त भावच फसवू लागतात. गोंदियातल्या एखाद्या नोकरदाराने २०१६ मध्ये दरमहा दहा हजार रुपये गुंतवले असते असं धरून तुम्ही पद्धत तपासता. दुरुस्त तक्ता सांगतो की त्या ऑगस्टमध्ये बजाज फायनान्सचे नव्वद शेअर आले असते. प्रत्यक्षात त्याला एकही मिळाला नसता, कारण एका शेअरलाच दहा हजारांहून जास्त लागत होते. याहून मोठा सापळा स्वस्त शेअर शोधणाऱ्या पद्धतींचा आहे. ‘दीडशे रुपयांच्या आतले शेअर घ्या’ असा नियम दुरुस्त भावांवर चालवला की तो २०१६ मध्ये बजाज फायनान्स उचलतो. त्या भावाला तो उचलतो कारण पुढे नऊ वर्षांत शेअर इतका वाढला की कंपनीला तो पुन्हा विभागावा लागला. स्प्लिट आणि बोनस बहुधा चढलेल्या शेअरचेच होतात. म्हणजे दुरुस्त तक्त्यात कमी भाव दिसणं ही पुष्कळदा भविष्यातल्या वाढीची खूण असते आणि पद्धत नकळत उद्याचं वर्तमानपत्र वाचून खरेदी करते. असा निकाल कागदावर फार देखणा येतो. म्हणून दोन रकाने शेजारी शेजारी ठेवणं मला अपरिहार्य वाटतं. टक्केवारी, सरासरी आणि परतावा दुरुस्त भावावर काढायचा. रुपयांत असलेला कोणताही नियम, हातात किती शेअर येतील हा हिशेब आणि प्रत्येक शेअरमागची दलाली मात्र त्या दिवशीच्या खऱ्या भावावर.

लाभांशाचं प्रकरण वेगळं आहे, कारण यात पैसा खरोखर कंपनीतून बाहेर जातो. वेदांताचं आर्थिक वर्ष २०२२-२३ बघा. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला शेअर चारशेच्या आसपास होता, वर्षअखेर पावणेतीनशेच्या आसपास. नुसता भाव पाहिला तर जवळपास एक तृतीयांश नुकसान. पण त्या वर्षात भागधारकांच्या खात्यावर ३१.५०, १९.५०, १७.५० आणि १२.५० असे चार लाभांश आले होते, एकूण ८१ रुपये. ते धरले की नुकसान अकरा-बारा टक्क्यांवर येतं.

लाभांशासाठी जुने भाव दुरुस्त करताना रुपये सरळ वजा करू नयेत. वीस वर्षांची वजाबाकी साचत गेली की फार जुने भाव शून्याखाली जातात. रीत अशी की एक्स-डेटच्या आदल्या दिवशीचा बंद भाव ३५० आणि लाभांश ३१.५० असेल तर लाभांश ९ टक्के झाला, म्हणून आधीचे सगळे भाव ०.९१ ने गुणायचे. मात्र दोन्ही आकडे एकाच मापात हवेत. बजाज फायनान्सने ३० मे २०२५ च्या रेकॉर्ड डेटला ४४ रुपये लाभांश दिला तो जुन्या शेअरवर. दहाने भागलेल्या भावाशी तेच ४४ जोडले तर अर्ध्या टक्क्याचा लाभांश पावणेपाच टक्क्यांचा होतो. तिथे ४.४० हवेत.

तरीही लाभांशाची ही दुरुस्ती सगळीकडे लावावी असं मी म्हणणार नाही. समजा तुमच्या पद्धतीत आठ टक्क्यांचा स्टॉप-लॉस आहे आणि शेअर एक्स-डेटला नऊ टक्के खाली उघडला. खऱ्या बाजारात तुमची विक्रीची ऑर्डर लागली असती, कारण नेहमीच्या लाभांशासाठी एक्स्चेंज रोख बाजारातला भाव दुरुस्त करत नाही. म्हणून खरेदी-विक्रीचे इशारे फक्त स्प्लिट-बोनसने दुरुस्त केलेल्या भावावर काढावेत आणि लाभांश रोकड म्हणून हिशेबात वेगळा जमा करावा. एप्रिल २०२० पासून लाभांशावर घेणाऱ्याला आपल्या टप्प्याप्रमाणे कर भरावा लागतो, तेव्हा तोही वजा करावा. लाभांश धरलेला परतावा नुसत्या निफ्टीशी तोलू नये. त्यासाठी लाभांशासह मोजलेला टीआरआय निर्देशांक आहे. म्युच्युअल फंडांनाही सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून याच निर्देशांकाशी तुलना करायला लावली.

इंटरनेटवरून भाव उतरवणाऱ्यांनी आधी रकान्याचा अर्थ पाहावा. याहू फायनान्सवर `Close` हा स्प्लिटसाठी दुरुस्त केलेला असतो आणि `Adj Close` मध्ये लाभांशही धरलेला असतो. आधीच भागलेल्या भावाला पुन्हा पाचाने भागलं तर १९ सप्टेंबरचा अदानी पॉवर २८ रुपयांवर दिसतो आणि सोमवारी १७०. ही चूक मला जास्त घातक वाटते. मोठा तोटा दिसला की माणूस मागे जाऊन शोधतो, मोठा नफा दिसला की शोधत नाही.

तपासणीसाठी रोजचा बदल काढून २० टक्क्यांहून मोठे सगळे दिवस वेगळे करावेत. भावाचं आदल्या दिवसाशी प्रमाण एक द्वितीयांश, एक पंचमांश किंवा एक दशांश यांच्या जवळ आलं की एक्स्चेंजच्या कॉर्पोरेट घडामोडींच्या यादीत ती तारीख पाहायची. एका दिवशी ८० टक्क्यांची घट आणि लगेच पाचपट उडी, किंवा हेच उलट, अशी जोडी दिसली तर तारीख एका दिवसाने सरकली आहे. यादीतली रेकॉर्ड डेट वापरली की जुन्या वर्षांत हे होतं. २०२३ मध्ये टी-प्लस-वन व्यवहार पूर्ण लागू होण्याआधी एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या आधीच्या दिवशी पडायची. आता बहुधा दोन्ही एकाच दिवशी पडतात. स्प्लिटनंतर मालिका अचानक संपली आणि तिथूनच दुसरी सुरू झाली, तर तुम्ही आयएसआयएन क्रमांकाने जोडणी केली असणार. दर्शनी किंमत बदलली की हा क्रमांक बदलतो, नुसत्या बोनसने बदलत नाही. १:१० बोनसमध्ये भाव ९ टक्केच उतरतो, त्यामुळे २० टक्क्यांच्या चाळणीतून तो निसटतो. तो यादी ओळीओळीने जुळवल्याशिवाय सापडत नाही.