80 चिन्हांत मिक्सर

मिक्सरवरचा लांबलचक अभिप्राय 80 चिन्हांत बसवायचा असेल, तर आधी निकाल लिहावा: घ्यावा का, आणि कोणी. मग दोष, कारण गिऱ्हाईक तोच शोधत असतं. खरेदीची हकिगत, 'खूप', 'अगदी' आधी गाळावेत. किती दिवस वापरला हे मात्र ठेवावं. बाकीच्याचं वजन त्यावरच ठरतं. उरतं ते असं: '6 महिने वापरला. ओलं वाटण बारीक होतं. चटणीचं भांडं गळतं. लहान घराला घ्यावा.' मोकळ्या जागा धरून ही 74 चिन्हं. मराठीत काना-मात्रा बहुधा वेगळ्या मोजल्या जातात. एकट्या 'घ्या'ची चार चिन्हं होतात. तरीही जागा पुरली नाही, तर वाटणाबद्दलचे शब्द काढा. गळक्या भांड्याचे ठेवा.