शेजारच्या बाईंची टपालपेटी आणि तीन गढूळ नळ

आमच्या शेजारच्या बाई इथल्या एका छोट्या स्थानिक वर्तमानपत्रात वार्ताहर आहेत. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात त्यांना सगळे ओळखतात. साठी उलटली, तरी नगरपरिषदेची बैठक असो की शाळेचं स्नेहसंमेलन, वही घेऊन हजर. मागच्या ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? माझ्याकडून एक मोठी चूक झालीय. कशी झाली तेवढं मला समजावून सांग."

झालं होतं असं. आदल्या मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर वाचकांच्या तीन ईमेल आल्या होत्या. पहिली सहा दहाला, एका पालकाची: "शाळेच्या नळाला तपकिरी पाणी येतंय." दुसरी सहा चाळीसला, एका रेस्टॉरंटवाल्याची: "पाणी गंजासारखं दिसतंय, स्वयंपाक थांबवलाय." तिसरी सात पंचवीसला, एका तरुण आईची: "डॉक्टरांचा फोन लागत नाही. या पाण्यात बाळाची दुधाची पावडर कालवू का?"

गावातली मुख्य जलवाहिनी फुटली होती. असं झालं की नळाचा दाब उतरतो आणि पाइपच्या तळाशी बसलेला लोह-मँगनीजचा गाळ ढवळून निघतो, म्हणून पाणी तपकिरी दिसतं. त्या गाळापेक्षा मोठी भीती दुसरीच असते. दाब उतरला की बाहेरची घाण पाइपमध्ये शिरू शकते. म्हणूनच अशा वेळी पाणी खळखळ उकळून वापरा, अशी सूचना निघते. त्या गावात ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. बाईंनी त्या तीन मेल दुपारी वाचल्या. त्या आईचा प्रश्न रात्रभर तसाच पडून होता.

"मी दिवसभर मेल उघडत असते," बाई म्हणाल्या. "या तीन दिसल्या कशा नाहीत?"

आम्ही त्यांच्या लॅपटॉपसमोर बसलो. आठवडाभराच्या मेल मोजल्या तर अकराशेच्या वर निघाल्या. त्यातल्या वाचकांच्या जेमतेम सत्तर. उरलेली बहुतेक सगळी प्रसिद्धिपत्रकं: नवा दवाखाना, गाद्यांचा सेल, कुठल्याशा कंपनीच्या उपाध्यक्षांची नेमणूक. या ढिगाला कंटाळून ऑफिसातल्या कुणीतरी काही वर्षांपूर्वी बीटनुसार नियम लावून दिले होते. मेलमध्ये 'स्कूल' शब्द असला की ती शिक्षणाच्या फोल्डरमध्ये, 'रेस्टॉरंट' असला की व्यवसायाच्या, 'डॉक्टर' असला की आरोग्याच्या. पहिला नियम जुळला की मेल तिकडे हलायची आणि मुख्य टपालपेटीतून गायब व्हायची.

आता कळलं. तिन्ही मेल पाण्याबद्दल होत्या, पण तिन्ही तीन वेगवेगळ्या खोक्यांत पडल्या. प्रत्येक खोक्यात ती एकच मेल होती, आजूबाजूला चाळीस प्रसिद्धिपत्रकं. तिन्ही शेजारी शेजारी दिसल्या असत्या, तर एका नजरेत बातमी कळली असती.

मी बाईंना म्हटलं, "प्रसिद्धिपत्रक आणि वाचकाची मेल या दोन वेगळ्या जाती आहेत. दोघांना एकच चाळणी लावली, तिथे घोटाळा झाला."

प्रसिद्धिपत्रक पाठवणारा ठरलेला असतो आणि मजकुराचा साचाही ठरलेला असतो. वर 'फॉर इमिजिएट रिलीज', खाली 'मीडिया काँटॅक्ट', अगदी तळाला 'अनसबस्क्राइब'. एखाद्यात अमुक तारखेआधी छापू नका अशी अट, म्हणजे 'एम्बार्गो'. तेव्हा ही पत्रकं पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून बीटमध्ये लावता येतात. वाचकाचं तसं नसतं. तो आयुष्यात एकदाच लिहितो, विषयाच्या ओळीत "हॅलो" लिहितो, आणि त्याला आपण कुठल्या बीटचे हे माहीत नसतं. त्याचा पत्ता बघून काही कळत नाही, आणि एखादा शब्द पकडावा तर तो 'शाळा' निघतो, 'पाणी' नाही.

म्हणून आम्ही जुने नियम पुसले आणि आधी फक्त दोन ढीग केले. ऑफिसची मेल जीमेलवर होती. तिथल्या फिल्टरमध्ये "Has the words" या रकान्यात हे लिहिलं:

```
"for immediate release" OR "media contact" OR unsubscribe OR embargoed
```

हे जुळलं की 'पत्रक' असं लेबल. उरलेल्या मेलना `readers` हे लेबल. फोल्डर आणि लेबल यांतला फरक इथे कामाला येतो. फोल्डरमध्ये मेल एकाच जागी राहते. लेबल म्हणजे चिकटवलेली चिठ्ठी, एका मेलला तीन चिठ्ठ्याही लागू शकतात. शाळेतल्या पाण्याच्या मेलला शिक्षण आणि पाणी, दोन्ही लागतात. शिवाय "Skip the Inbox" हा पर्याय फक्त पत्रकांना दिला, वाचकांना कधीच नाही. वाचकाची मेल कुठल्याही नियमाने नजरेआड होता कामा नये, हा पहिला कायदा.

एक अपवाद लगेच सापडला. पोलीस, अग्निशमन दल, जलविभाग आणि हवामान खातं यांच्याही मेलच्या तळाला 'अनसबस्क्राइब' असतं. त्या गाद्यांच्या सेलबरोबर वाहून गेल्या असत्या. म्हणून त्यांच्या पत्त्यांची वेगळी यादी करून त्यांना पत्रकांच्या फिल्टरमधून वगळलं.

मग सूचनेचा प्रश्न आला, म्हणजे फोन कधी वाजावा. बाईंचं मत होतं की विषयाच्या ओळीत 'अर्जंट' किंवा 'ब्रेकिंग' असेल तर वाजावा. आम्ही शोधून पाहिलं. महिन्याभरात ते शब्द असलेल्या जवळजवळ सगळ्या मेल जाहिरात कंपन्यांच्या होत्या. ज्याच्या घरात खरंच गढूळ पाणी येतं, तो 'ब्रेकिंग' लिहीत नाही.

यावर मला सांगलीचे माझे काका आठवले. ते एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. त्यांच्या ऑफिसात टेलिप्रिंटर दिवसभर खडखडायचा, त्याकडे कुणी बघायचंही नाही. मोठी बातमी असली की त्याची घंटा वाजायची आणि सगळे धावायचे. रविवारी फोनवर त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "अरे, घंटा क्वचित वाजायची म्हणून तर धावायचो. सारखी वाजली असती तर तिच्यावर फडकं टाकलं असतं."

म्हणून दोन वेगळ्या घंटा केल्या. सरकारी खात्यांसाठी पाठवणारा आणि शब्द, दोन्ही जुळले पाहिजेत. उदाहरणार्थ, इथल्या हवामान खात्याचा 'फ्लड वॉच' म्हणजे पुराची शक्यता, आणि 'फ्लड वॉर्निंग' म्हणजे पूर आलाय किंवा येण्याच्या बेतात आहे. फोन फक्त 'वॉर्निंग'ला वाजतो.

वाचकांसाठी मात्र एका मेलवर काहीच ठरत नाही. एकाच्या घरचा पाइप गंजलेला असू शकतो. दोन तासांत तीन वेगवेगळ्या माणसांनी पाण्याबद्दल लिहिलं, तर गोष्ट वेगळी. साध्या फिल्टरला मोजता येत नाही, म्हणून जीमेलला जोडता येणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर दहा मिनिटांनी चालते. तिचा गाभा एवढाच:

```
const since = Date.now() - 2 * 3600 * 1000;
const q = 'label:readers newer_than:1d (water OR tap OR faucet)';
const people = new Set();
GmailApp.search(q).forEach(t => t.getMessages().forEach(m => {
  if (m.getDate() > since) people.add(m.getFrom());
}));
if (people.size >= 3) sendAlert();
```

`people` या यादीत एक माणूस एकदाच मोजला जातो. चिडलेल्या एका आजोबांनी पाच मेल पाठवल्या तरी एकच. ऑक्टोबरच्या त्या मंगळवारच्या मेलवर हाच हिशेब करून पाहिला. तिसरी मेल आली सात पंचवीसला. म्हणजे फार तर साडेसात-सात पस्तीसला फोन वाजला असता. बाई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. घंटा वाजली, बाईंनी जलविभागाला फोन केला, तिकडे सगळं ठीक. बघतो तर लिहिणारे वाचक दोनच. बाईंनी त्यातल्या एकाला उत्तर दिलं होतं, आणि माझ्या स्क्रिप्टने खुद्द बाईंनाच तिसरा माणूस धरलं होतं! वर, अट दोन तास खरी राहिल्यामुळे तीच सूचना दर दहा मिनिटांनी येत राहिली. मग ऑफिसचा स्वतःचा पत्ता मोजणीतून काढला, आणि एकदा वाजलं की त्याच विषयावर सहा तास गप्प, असं केलं.

तीन हा आकडाही अंदाजाने ठेवला नाही. मागच्या तीन महिन्यांच्या मेलवर चालवून पाहिलं. दोन माणसांची अट ठेवली तर घंटा एकोणीस वेळा वाजली असती, त्यात बरेचसे गळके नळ आणि पाणीपट्टीच्या तक्रारी. तीन ठेवली तर चार वेळा, आणि त्यातल्या दोन वेळा खरंच काहीतरी झालं होतं. आमच्या गावाला तीन चालतं. मोठ्या शहराच्या वर्तमानपत्राला आपला आकडा आपल्याच जुन्या मेलवरून काढावा लागेल.

फेब्रुवारीच्या कडाक्यात रात्री आठ वीसला घंटा वाजली. बाईंनी लगेच बातमी लिहिली नाही. आधी तिन्ही पत्ते नकाशावर पाहिले. तिन्ही एकाच रस्त्याच्या आसपासचे. मग जलविभागाच्या रात्रपाळीला फोन केला. थंडीने वाहिनी फुटल्याचं त्यांनी सांगितलं, आणि पाणी उकळण्याची सूचना तयार होत असल्याचंही. नऊच्या आत वर्तमानपत्राच्या साइटवर चार ओळी गेल्या. त्याआधी बाईंनी त्या तिन्ही वाचकांना स्वतः उत्तर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्याकडे चहाला आल्या. म्हणाल्या, "काल चौथीही मेल होती, सात वाजताची. तुझ्या घंटेला ती कळलीच नाही." एका आजींनी लिहिलं होतं की आज चहाला नाण्यांसारखी चव येतेय, दुकानदाराने चहापत्ती बदलली की काय? त्यात पाणी नाही, नळ नाही, काहीच नाही. मी यादीत 'चव' आणि 'वास' घालायला लॅपटॉप उघडला.

"घाल," बाई म्हणाल्या, "पण मी रोज रात्री घरी निघायच्या आधी वाचकांच्या सगळ्या मेल वाचणारच आहे. आता त्या दहाच असतात. स्पॅमही एकदा बघते, नवखा माणूस तिथेच जाऊन पडतो."