जुलैतली हवा आणि मे महिन्याचा आकडा

रुग्णालयाची नवी विंग बांधायची ठरली की नकाशांच्या आधी एक कागद तयार व्हायला हवा. त्याला डिझाइन बेसिस रिपोर्ट म्हणतात, बोलताना डीबीआर. त्यात यंत्रांच्या किमती नसतात. एसी, वीज, पाणी, मेडिकल गॅस यांचं गणित कोणत्या गृहीतकांवर मांडलं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. डॉक्टर मंडळी सहसा तो न वाचताच सही करतात. पुढे तीन वर्षांनी ऑपरेशन थिएटरच्या छताला काळे ठिपके दिसू लागले, की त्यांचं मूळ बऱ्याचदा याच कागदात सापडतं.

कोकणातल्या एका विंगच्या मसुद्यात मला ‘बाहेरचं तापमान : ४४ अंश’ असं दिसलं होतं. कोकणात ४४? आधीच्या विदर्भातल्या कामाचं पान जसंच्या तसं उचललेलं होतं. हटकलं तर उत्तर आलं, ‘साहेब, जास्तच धरलंय, बिघडलं काय?’ बिघडतं ते असं.

वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच थिएटर घ्या. आत ४००० घनफूट हवा मावते. एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती तासाला निदान २० वेळा बदलली पाहिजे आणि त्यातले ४ बदल बाहेरच्या ताज्या हवेचे हवेत. म्हणजे तासाला १६,००० घनफूट बाहेरची हवा आत घ्यायची, गाळायची आणि २१ अंशांच्या आसपास आणून सोडायची. आतली आर्द्रता ६० टक्क्यांवर जाता कामा नये. आपण ५५ धरू.

नागपुरातली मे महिन्याची दुपार ४४ अंशांची, आर्द्रता १५ टक्के. ही हवा भाजून काढते खरी, पण कोरडी असते. तिच्यातलं बाष्प थिएटरला हवं तेवढंच असतं, त्यामुळे तिला फक्त थंड करायचं. कोकणातली जुलैतली हवा ३० अंशांची, आर्द्रता ८० टक्के. अंगाला ती सुसह्य वाटते, पण तिच्यातून तासाला साडेसहा लिटरहून जास्त पाणी काढावं लागतं, तेही एका थिएटरसाठी. बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीही यंत्रालाच ओढून न्यावी लागते. हिशेब केला तर या ताज्या हवेपुरता जुलैचा भार मे महिन्याच्या पावणेदोनपटीच्या घरात जातो. ‘जास्तच धरलंय’ म्हणणाऱ्याने खरं तर कमी धरलेलं असतं.

आणखी एक मेख आहे. २१ अंशांवर ५५ टक्के आर्द्रता हवी असेल तर हवा आधी साधारण साडेअकरा अंशांपर्यंत उतरवावी लागते, तेव्हा कुठे जास्तीचं पाणी कॉइलवर गळून पडतं. एवढी गार हवा तशीच सोडली तर भूल दिलेला रुग्ण काकडेल, म्हणून तिला पुन्हा थोडं गरम करायचं. या रीहीटची ओळ डीबीआरमध्ये नसेल तर हीटर खरेदीच्या यादीत येत नाही. मग चालवणारा माणूस कॉइलचं पाणी कमी करतो. खोली २१ वर राहते, पण दमट होते. भिंतीवरचा तापमापक सगळं ठीक आहे असंच सांगतो. शेजारच्या आर्द्रतामापकाचा काटा ६५ वर असतो आणि जाळीच्या कडेला थेंब धरलेले असतात. बुरशीला आणखी काय लागतं?

हा हीटर आणि हवेचा पंखा मग विजेच्या तक्त्यातही यायला हवेत. तिथे प्रत्येक उपकरणापुढे विचारायचं : वीज गेली तर हे किती वेळ थांबू शकेल? टेबलावरचा दिवा अर्धा सेकंदच थांबू शकतो. जनरेटर सुरू होऊन भार घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणून दिवा बॅटरीवर. पंखा तेवढा थांबला तरी चालतं, पण तो जनरेटरवर हवाच. तो बंद पडला की थिएटरमधला दाब ओसरतो आणि दार उघडताना हवा बाहेर जाण्याऐवजी कॉरिडॉरची हवा आत येते. खर्च वाचवायचा म्हणून ‘एसी जनरेटरवर नाही’ अशी सरसकट ओळ लिहिली जाते. वॉर्डांपुरती ती चालेल. पण थिएटरचा पंखाही कागदोपत्री एसीतच मोजला जातो, त्यामुळे त्या ओळीबरोबर तोही जनरेटरवरून उतरतो.

त्या मसुद्यात ४४ खोडून दोन ओळी आल्या, एक उन्हाळ्याची आणि एक पावसाळ्याची. कॉइलच्या ओळींची संख्या वाढली, रीहीट आला, जनरेटर एक माप मोठा झाला. वाढलेला आकडा पाहून विश्वस्तांनी कपाळाला हात लावला. भूलतज्ज्ञ बाईंनी मात्र सही करण्याआधी पहिल्यांदाच ते पान नीट वाचलं आणि विचारलं, ‘ही ५५ टक्के कुठे मोजणार, खोलीत की डक्टमध्ये?’

तेवढं लिहायचं राहिलंच होतं. समासात पेनाने लिहिलं : खोलीत, टेबलाच्या उंचीवर.