सायकली आल्या का, ताई?

आज आमची एक चूक सांगायची आहे. पाच किलोमीटर चालत हायस्कूलला जाणाऱ्या दहा मुलींसाठी आमच्या छोट्या संस्थेने व्हॉट्सॲपवर मदत मागितली. एक सायकल ५,५०० रुपये, दहांचे ५५,००० रुपये. घाईत आम्ही आमच्या खजिनदार ताईंच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड पाठवला.

पैसे येऊ लागले, पण दुकानदाराकडे माल नव्हता. सायकली आल्यावरच कळवू, म्हणून आम्ही दोन महिने गप्प राहिलो. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्या लेकीने विचारलं, "सायकली आल्या का, ताई?" आठवड्याभरात गावात कुजबुज सुरू झाली. ताईंनी एक रुपयाही घेतला नव्हता. पण देणगी आणि घरचे पैसे एकाच पासबुकात मिसळले होते. एकेक नोंद जुळवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून देणगी फक्त संस्थेच्या नावाच्या खात्यात घेतो. पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. बचत गटाच्या खात्यातही देणगी मिसळत नाही. क्यूआर कोड पाठवण्याआधी दुसऱ्या फोनवर स्कॅन करून संस्थेचंच नाव दिसतं का, ते बघतो. वहीत तारीख, नाव, रक्कम आणि व्यवहार क्रमांक लिहितो आणि त्याच दिवशी पावती पाठवतो.

दर पंधरा दिवसांनी एक निरोप जातो. काही घडलं नसेल तरी जातो: "दुकानात माल नाही, पैसे खात्यात आहेत, पुढची तारीख अमुक." हे एवढं वाक्य तेव्हा पाठवलं असतं, तर कुजबुज झाली नसती.

शेवटी आम्ही असा हिशेब पाठवला: "जमा ४६,२०० रुपये. आठ सायकलींचे ४४,००० रुपये. शिल्लक २,२०० रुपये, दुरुस्तीसाठी ठेवले. दोन सायकली अजून बाकी." सोबत दुकानाच्या बिलाचा फोटो जोडला. 'बाकी' लिहायला लाज वाटत होती. पण तेच वाचून दोघांनी उरलेल्या सायकलींचे पैसे पाठवले.

आणखी दोन गोष्टी सांभाळा. मुलीचा फोटो आईवडिलांना आणि तिला विचारूनच टाका, सोबत नाव किंवा शाळा देऊ नका. आमच्या निरोपात तर आता सायकलींचाच फोटो असतो. आणि परदेशी नागरिक झालेला कुणी नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाला, तर आधी थांबा. केंद्र सरकारची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर संस्थेला ती देणगी घेता येत नाही, रक्कम कितीही लहान असो.

तुमच्या गटाने कधी वर्गणी मागितली असेल, तर शेवटचा हिशेब कधी कळवला, ते आज वहीत बघा. राहिला असेल तर आजच पाठवा.