टाकीत किती, आणि पडलं किती

गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत पाणी पडतंय. व्हॉल्व्ह हळूहळू उघडतोय, त्यामुळे t मिनिटांनी पाण्याचा वेग मिनिटाला 6t लिटर होतो. पहिलं मिनिट संपताना 6, तिसरं संपताना 18. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एखाद्या क्षणी टाकीत किती पाणी आहे? आणि पहिलं मिनिट संपल्यापासून तिसरं संपेपर्यंत किती पाणी पडलं?

पहिल्याचं उत्तर म्हणजे एक सूत्र. ज्याच्या वाढीचा वेग 6t आहे असं सूत्र हवं, आणि 3t² तसं आहे. पण टाकीत आधीच 100 लिटर असते तर 3t² + 100 हेही तितकंच बरोबर ठरलं असतं. म्हणून आपण 3t² + C लिहितो. C म्हणजे सुरुवातीचं पाणी. नुसत्या वेगावरून ते कधीच कळत नाही. अशा सूत्राला प्रतिअवकलज, म्हणजे अँटिडेरिव्हेटिव्ह, म्हणतात.

दुसऱ्याचं उत्तर म्हणजे एकच संख्या, आणि ती सूत्राशिवायही काढता येते. दोन मिनिटांचे चार अर्ध्या मिनिटांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात सुरुवातीचा, म्हणजे कमी वेग धरला तर बेरीज 21 लिटर येते. शेवटचा, जास्त वेग धरला तर 27. पाव मिनिटाचे तुकडे घेतले तर 22.5 आणि 25.5. तुकडे बारीक होतील तसे दोन्ही आकडे एकाच संख्येकडे सरकतात: 24. हा निश्चित इंटिग्रल. लायब्निट्सने 1675 मध्ये ∫ हे चिन्ह लिहिलं, तेही ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज या लॅटिन शब्दातला लांबवलेला S म्हणूनच.

मग दोघांना एकच चिन्ह का? कारण 3t² मध्ये 3 आणि 1 घालून वजाबाकी केली की 27 − 3 = 24 मिळतात. आधीचे 100 लिटर धरले तरी 127 − 103 = 24 च. C दोन्हीकडून जातो, म्हणून निश्चित इंटिग्रलच्या उत्तरात तो लिहायचा नसतो. हा संबंध म्हणजे कलनशास्त्राचं मूलभूत प्रमेय. मला ते फार सुंदर वाटतं. पण ते प्रमेय आहे, व्याख्या नव्हे, आणि त्याला अट आहे.

1/x² चं प्रतिअवकलज −1/x. त्यात 1 आणि −1 घालून वजाबाकी केली तर उत्तर −2 येतं. पण 1/x² कधीच ऋण नसतो, मग त्याच्या तुकड्यांची बेरीज ऋण कशी होईल? गडबड शून्यापाशी आहे: तिथे 1/x² अमर्याद वाढतो आणि ही बेरीज कुठल्याच संख्येवर थांबत नाही. तेव्हा सीमा घालून वजाबाकी करण्याआधी दोन सीमांमधलं फल कुठे तुटत नाही ना, एवढं नक्की पाहा.