भागायचं ३६५नं की ३६६नं?

एका नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत एक सभासद उठून म्हणाले, "२९ फेब्रुवारीचं व्याज कर्जदाराकडून घेतलंत, मग ठेवीदाराला का दिलं नाहीत?" 'हिशेब संगणक करतो' एवढं सांगून व्यासपीठानं पुढचा विषय घेतला. प्रश्न रास्त होता आणि ते उत्तर नव्हतं. म्हणून मी एका दुसऱ्या बँकेच्या शाखेत, व्याजाची तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकांच्या शेजारी जाऊन बसलो. शाखेत त्यांना सगळे मॅडम म्हणतात.

मॅडमसमोर संगणक होता, पण हात कॅल्क्युलेटरवर. एका कर्जखात्याचा २०२४ सालचा उतारा काढून त्यांनी समासात पेन्सिलीनं एक आकडा लिहिला: २४६ रुपये ५८ पैसे. दहा लाख रुपयांच्या कर्जावर ९ टक्के दरानं एका दिवसाचं हे व्याज. वर्षाचे ९०,००० रुपये, भागिले ३६५. तेच ३६६नं भागलं तर २४५ रुपये ९० पैसे.

"फरक अडुसष्ट पैशांचा," त्या म्हणाल्या, "पण तो रोजचा असतो. लोक फक्त फेब्रुवारी बघतात."

सगळी मेख इथंच आहे. लीप वर्षात बँकेला दोन वाटा असतात. एक, भाजक ३६५च ठेवायचा. मग रोजचं व्याज नेहमीइतकंच राहतं, दिवस मात्र ३६६ होतात आणि वर्षाचं व्याज ९०,००० ऐवजी ९०,२४६ रुपये ५८ पैसे होतं. दुसरी वाट, भाजक ३६६ करायचा. मग वर्षाचं व्याज बरोबर ९०,००० राहतं, पण १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक दिवसाचं व्याज थोडं कमी होतं. वर्षभर पैसे ठेवणाऱ्याला ठरलेला दर पुरा मिळतो. जूनमध्ये ठेव मोडणाऱ्याला मात्र आदल्या वर्षी तेवढ्याच दिवसांना मिळालं असतं त्यापेक्षा कमी मिळतं.

रिझर्व्ह बँकेनं ठेवींच्या बाबतीत दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत. मुदत ठेवीच्या शेवटच्या अपुऱ्या तिमाहीचं व्याज प्रत्यक्ष दिवसांवर, वर्ष ३६५ दिवसांचं धरून काढावं, असं परिपत्रकात आहे. काही बँका लीप वर्षात ३६६ धरतात याचीही तिथं नोंद आहे. बँकेनं आपली पद्धत निवडावी, पण ठेव घेतानाच ती ठेवीदाराला सांगावी आणि शाखेत लावावी. मी त्या शाखेतल्या भिंती पाहिल्या. दरपत्रक होतं, सुट्ट्यांची यादी होती, भाजक कुठंही नव्हता.

मग मॅडमनी तपासणीला घेतलेलं खातं समजावून दिलं. ३१ जानेवारीला बाकी दहा लाख. १० फेब्रुवारीला २०,००० रुपये भरले. व्याज प्रत्येक दिवसाच्या अखेरच्या बाकीवर लागतं, त्यामुळे भरणा झाला त्या दिवशीच बाकी उतरते. पहिले ९ दिवस दहा लाखांचे, उरलेले २० दिवस नऊ लाख ऐंशी हजारांचे. बाकी गुणिले दिवस याला बँकेत 'प्रॉडक्ट' म्हणतात. खतावण्या हातानं लिहायच्या तेव्हा त्याचा वेगळा रकानाच असे. इथं पहिला प्रॉडक्ट ९० लाख, दुसरा १ कोटी ९६ लाख, बेरीज २ कोटी ८६ लाख. त्याला ९नं गुणून ३६,५००नं भागायचं. टक्क्यांचे शंभर आणि वर्षाचे दिवस एकत्र होऊन ३६,५०० होतात. उत्तर ७,०५२ रुपये. ३६,६००नं भागलं तर ७,०३३.

उताऱ्यात ७,०५२ होते. तरीही मॅडम तिथं थांबल्या नाहीत, त्यांनी हिशेब उलटा केला. प्रॉडक्टची बेरीज गुणिले दर, भागिले लावलेलं व्याज. कॅल्क्युलेटरवर ३६,५०० आले, वर काही दशांश. "भाजक कोणता, हे बँकेला विचारायलाच नको. व्याजाचा आकडाच सांगतो," त्या म्हणाल्या.

ही रीत मला फार मोलाची वाटली, कारण ती कुणालाही घरी बसून करता येते. हातात बाकी, दिवस, दर आणि व्याज एवढंच लागतं. उत्तर ३६,५००च्या आसपास आलं तर वर्ष ३६५चं, ३६,६००च्या आसपास आलं तर ३६६चं. बऱ्याच गृहकर्जांत दिवस मोजतच नाहीत, वार्षिक दराचा बारावा भाग दरमहा लावतात. तिथं दहा लाखांवर ९ टक्क्यांनी दरमहा सरळ ७,५०० रुपये लागतात आणि २९ दिवसांच्या फेब्रुवारीत उलट्या हिशेबाचं उत्तर ३४,८०० येतं. असं आलं तर लीप वर्षाचा त्या कर्जाशी संबंधच नाही. उत्तर यापैकी कशाशीच जुळत नसेल तर आधी दिवस पाहायचे: बाकी कोणत्या तारखेला उतरवली, मधेच दर बदलला का. महिन्याच्या मध्ये दिलेल्या किंवा फेडलेल्या कर्जावर काही संस्था पूर्ण महिन्याचं व्याज लावतात, हे रिझर्व्ह बँकेनंच २९ एप्रिल २०२४च्या परिपत्रकात नोंदवलं आहे.

पडताळणीला जानेवारी सर्वांत चांगला. फेब्रुवारीत दिवसही बदलतात आणि भाजकही, दोन्ही एकमेकांत मिसळतात. जानेवारी दर वर्षी ३१ दिवसांचाच. बाकी आणि दर तेच असताना २०२३च्या जानेवारीत ७,६४४ आणि २०२४च्या जानेवारीत ७,६२३ रुपये दिसले, तर फरक फक्त भाजकाचा. बचत खात्यावर मात्र हे बेतानं करावं. तिथं व्याज बहुधा पूर्ण रुपयात जमा होतं. ते चारशेच्या आत असेल तर दोन भाजकांतला फरक जेमतेम रुपयाचा, आणि तो पूर्णांकात बुडून जातो.

मुदत ठेवीत घोळ वेगळा. पूर्ण तिमाही म्हणजे दराचा चौथा भाग. तिच्यात ९० दिवस असोत की ९१, फरक पडत नाही. १ जानेवारी २०२४ला ७ टक्क्यांनी ४०० दिवसांसाठी ठेवलेले एक लाख चार तिमाह्यांनंतर १,०७,१८६ होतात. तोवर ३६६ दिवस गेलेले असतात आणि सुट्टे ३४ दिवस उरतात. साध्या वर्षी ३५ उरले असते. ठेवीदाराचे वीस रुपये इथं कमी होतात, आणि त्यात बँकेची चूक काही नाही.

चूक मॅडमना सापडली ती दुसरीकडे. एका कर्जप्रकाराला प्रणालीत ३६५ लावलेले होते आणि ठेवींना ३६६. शाखाधिकारी म्हणाले, "मॅडम, माणशी दोन-अडीचशे रुपयांचा प्रश्न आहे." मॅडमनी तोच पेन्सिलीचा आकडा पुढं केला. २४६ रुपये ५८ पैसे दहा लाखांवर. शंभर कोटींच्या कर्जांवर तेच २ लाख ४६ हजार ५७५ रुपये, आणि ठेवीदारांना न दिलेल्या दिवसाचं व्याज वेगळंच. नियमांच्या चौकटीत ही जोडी कदाचित बसवता येईलही. मला ती अन्यायाचीच वाटते. वर्ष एकच असताना देताना ते ३६६ दिवसांचं आणि घेताना ३६५चं कसं?

अहवालात मॅडमनी दोन्ही भाजक शेजारी-शेजारी लिहिले आणि खाली शेरा मारला: पद्धत एकच ठेवावी, अन्यथा दोन्ही सूचनाफलकावर लावाव्यात. पुढचं लीप वर्ष २०२८. तुमच्या बँकेत काय चालतं हे कळायला तोवर थांबायची गरज नाही. २०२४च्या जानेवारीचा उतारा मागवता येतो.