दिले म्हणजे खर्चले नव्हे

मार्च संपत आलेला असतो. देणगीदार कंपनीच्या सीएसआर विभागातून फोन येतो, ‘पाणलोटाचे काम करणाऱ्या भागीदार संस्थेचे १० लाख ८० हजार खर्च झाले ना?’ मुख्य संस्थेचा हिशेबनीस वहीत बघतो आणि ‘हो’ म्हणतो. वहीत तसेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात पैसे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेले असतात, एवढेच. चर किती खोदले गेले, जेसीबीचे बिल चुकते झाले का, हे त्या वहीला ठाऊक नसते.

दोन-तीन संस्थांनी मिळून एक प्रकल्प घ्यायचा, करार आणि पैसे मुख्य संस्थेच्या नावावर, आणि तिने पुढे इतरांना वाटायचे, ही पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. तिच्यातली बहुतेक भांडणे अंदाजपत्रकाच्या कागदावरच पेरलेली असतात. एक काल्पनिक प्रकल्प घेऊन ते बघू.

एका दुष्काळी तालुक्यातल्या काही गावांत एक वर्षाचे काम. मुख्य संस्था शेतकऱ्यांचे प्रशिक्षण आणि देखरेख करणार, तिचा थेट खर्च १४ लाख. पाणलोट संस्था सर्वेक्षण आणि बांधबंदिस्ती करणार, २५ लाख. तिसरी संस्था महिला बचत गटांचे काम बघणार, १५ लाख. थेट खर्च मिळून ५४ लाख झाला. कार्यालय, वीज, हिशेब, लेखापरीक्षण अशा प्रशासकीय खर्चासाठी कंपनी थेट खर्चाच्या १० टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार द्यायला तयार आहे. एकूण ५९ लाख ४० हजार.

आता चूक कशी होते ते पाहा. पाणलोट संस्था आपल्या २५ लाखांवर १० टक्के लावून २७ लाख ५० हजारांचे पत्रक पाठवते. बचत गटवाली संस्था १६ लाख ५० हजारांचे. मुख्य संस्था त्यात आपले १४ लाख मिळवून येणाऱ्या ५८ लाखांवर पुन्हा १० टक्के लावते. एकूण ६३ लाख ८० हजार. कुणीच लबाडी केलेली नाही, प्रत्येकाने १० टक्केच लावले आहेत. पण प्रशासकीय खर्च ९ लाख ८० हजार झाला, म्हणजे थेट खर्चाच्या १८ टक्के. कंपनीचा माणूस पहिल्याच वाचनात हे पकडतो आणि मग सगळ्याच आकड्यांकडे संशयाने बघू लागतो.

अमेरिकन सरकारच्या अनुदानांत याला थेट नियमानेच लगाम घातला आहे. भागीदाराला दिलेल्या रकमेपैकी फक्त पहिल्या ५० हजार डॉलरवरच मुख्य संस्थेला आपला अप्रत्यक्ष खर्च आकारता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी ही मर्यादा २५ हजारच होती. तर्क सरळ आहे: दोन लाख डॉलर पुढे पाठवायला पन्नास हजार पाठवण्याच्या चौपट कष्ट पडत नाहीत.

आपल्या प्रकल्पात प्रशासकीय खर्चाचे ५ लाख ४० हजार आधी एकत्र ठेवायचे आणि मग वाटायचे. दोन्ही भागीदारांना त्यांच्या थेट खर्चाच्या ८ टक्के दिले, तर पाणलोट संस्थेला २ लाख, बचत गटवाल्यांना १ लाख २० हजार मिळतात. उरलेले २ लाख २० हजार मुख्य संस्थेला, कारण तिघांचे अहवाल जुळवणे आणि लेखापरीक्षकासमोर बसणे तिच्याच वाट्याला येते. पाणलोट संस्थेचा वाटा २७ लाख, बाकी दोघींचा प्रत्येकी १६ लाख २० हजार. अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीसमोर तीन संस्थांचे तीन स्तंभ आणि शेवटी बेरजेचा चौथा ठेवला, की कोणता रुपया कुणी खर्चायचा हे एका नजरेत दिसते. ‘भागीदारांना अनुदान : ४३ लाख २० हजार’ अशी एकच ओळ मात्र लिहू नये. तिच्यातून काहीच कळत नाही.

आता पुन्हा त्या फोनकडे. पाणलोट संस्थेला डिसेंबरात ४० टक्क्यांचा पहिला हप्ता गेला, १० लाख ८० हजारांचा. मुख्य संस्थेने त्या दिवशी ही रक्कम खर्चात न टाकता भागीदाराकडची उचल म्हणून, म्हणजे येणे म्हणून लिहायला हवी. भागीदाराकडून उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचा तपशील आला, की तेवढीच रक्कम उचलीतून काढून खर्चात न्यायची. मार्चअखेर पत्रक आले ७ लाख ३० हजारांचे. मग कंपनीला कळवायचा खर्चही तेवढाच. साडेतीन लाख अजून उचल आहेत. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयानेही ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात हेच स्पष्ट केले आहे : अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला नुसता निधी दिला म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असे होत नाही, त्या संस्थेने तो वापरावा लागतो. म्हणून तर कंपनीच्या वित्त प्रमुखाला निधीच्या वापराचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हिशेबनिसाच्या त्या ‘हो’वर पुढे त्याची सही होणार असते.

या साडेतीन लाखांचा एक उपयोग आहे. भागीदाराच्या प्रकल्प खात्यात त्या दिवशी तेवढीच रक्कम दिसली पाहिजे. पासबुकात २ लाख १० हजारच असतील, तर १ लाख ४० हजार कुठे गेले हे त्याच आठवड्यात विचारावे. बहुधा उत्तर मिळते ते असे: दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे लांबले, म्हणून इथून पगार भागवले. माझ्या मते यात चोरीपेक्षा ओढग्रस्तच जास्त असते. पण नाव काहीही द्या, पैसा भलत्या कामाला गेला हे खरेच. भागीदाराने प्रकल्पासाठी वेगळे बँक खाते ठेवावे ही करारातली अट म्हणूनच सोडू नये.

पुढचा हप्ता कधी, हाही प्रश्न अंदाजपत्रकातच सोडवायचा असतो. आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के खर्चल्याशिवाय पुढचा नाही, अशी अट सर्रास घातली जाते. इथे ७५ टक्के म्हणजे ८ लाख १० हजार. पाणलोट संस्था मार्चअखेर ८० हजारांनी कमी पडली. तिमाहीनेच पत्रक घ्यायचे ठरले असेल, तर पुढची तपासणी जूनअखेर, आणि तोवर पाऊस सुरू होऊन मातीकाम थांबलेले असणार. बचत गटांच्या संस्थेचा खर्च मुख्यतः पगार आणि बैठकांचा, दरमहा सारखा. तिला तिमाही चालते. मातीकाम करणाऱ्याला डिसेंबर ते मे दरमहा पत्रक आणि अट पुरी होताच हप्ता, अशी वेगळी सोय हवी. एकच वेळापत्रक दोघांना लावण्याची समानता कुणाच्याच कामाची नाही.

हे सगळे देशातल्या पैशांबद्दल झाले. परदेशी देणगीचे गणित वेगळे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्याचे कलम ७ बदलले. त्याआधी नोंदणीकृत संस्था आपल्याकडे आलेली परदेशी देणगी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत होती. आता ती कुणालाच हस्तांतरित करता येत नाही, समोरच्या संस्थेकडे स्वतःची नोंदणी असली तरीही. म्हणजे परदेशी पैशावर वरचा ‘मुख्य संस्था वाटणार’ हा नमुना चालतच नाही. देणगीदाराने प्रत्येक भागीदाराशी स्वतंत्र करार करायचा, प्रत्येकाने पैसा आपल्या खात्यात थेट घ्यायचा आणि मुख्य संस्थेने फक्त काम जुळवायचे, एवढीच वाट उरते. भागीदाराला कागदोपत्री ‘सेवा पुरवठादार’ ठरवून बिल घेण्याची पळवाट काही जण सुचवतात. काम खरोखर विकत घेतलेले नसेल, तर त्या बिलाच्या भरवशावर नोंदणी पणाला लावू नका.

तुमची संस्था छोटी भागीदार असेल, तर सही करण्याआधी मुख्य संस्थेकडून स्तंभनिहाय अंदाजपत्रक मागून घ्या. त्यातल्या तुमच्या स्तंभाची बेरीज करारातल्या रकमेशी जुळते का ते स्वतः करून पाहा, आणि शिल्लक रक्कम व तिच्यावरचे व्याज कधी परत करायचे याची तारीख त्यात लिहून घ्या.